बायको माहेरच्यांसमोर माझ्यावर टीका करते, तिला एकांतात शांतपणे कसं सांगू? (म्हाळाच्या आधी बोलायचंय)

पर्वरीचा_जावई
मंडळी, जरा लांबलचक आहे, पण वाचा. मी मूळ बेळगावचा, नोकरीनिमित्त पणजीला आलो आणि आता पर्वरीला फ्लॅट घेतलाय, हप्ते चालू आहेत. बायको माशेलची. तिच्या माहेरी चवथीला सगळा गोतावळा जमतो, मामा, आत्या, चुलत भावंडं, मुंबईवाले, सगळे. बायको स्वभावाने छान आहे, आमच्यात घरी फार भांडणं नाहीत. पण माहेरी पाय ठेवला की ती माझ्यावर घसरते.

आता ह्या चवथीचंच बघा. माटोळी बांधायला मी पण हात लावला, केवणीचा दोर ओढताना गाठ सुटली आणि नारळांचा एक घोस खाली आला. सगळे हसले, मी पण हसलो, त्यात काही नाही. पण ही लगेच, "ह्याच्याकडे नका देऊ, घरी बल्बसुद्धा मीच बदलते." तेही ठीक. मग जेवताना मामांनी सहज विचारलं ऑफिस कसं चाललंय, मी तोंड उघडायच्या आत हीच बोलली, "कसलं ऑफिस, केव्हापासून प्रमोशन प्रमोशन करतोय, ह्याच्यानंतर लागलेली पोरं वर गेली." कोणी हसलं नाही. सासरे पानातलं खतखतं बघत बसले. मामा म्हणाले, "असूं दी गे बाये." पुढचं जेवण मी कसं गिळलं मलाच ठाऊक.

तिथे काही बोललो नाही, परत येताना गाडीतही बोललो नाही, कारण मुलगी मागे बसलेली. आता पंधरवड्यात म्हाळ आहे, परत तेच सगळे जमणार. त्याआधी तिच्याशी नीट बोलायचंय, भांडण न करता. पण सुरुवात कशी करू कळत नाही. मी सुरुवात केली की माझा आवाज चढतो आणि मग ती म्हणते तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही.

सुशेगाद_फोंडेकर
अरे जावई माणूस, चवथीला सासुरवाडीत जेवायला मिळतंय, नेवऱ्या मिळतायत, आणखी काय पायजे. एका कानाने ऐक, दुसऱ्याने सोडून दे. आमच्याकडे बायका अशाच बोलतात, ते प्रेमच असतं.

पर्वरीचा_जावई
बल्बचं सोडून दिलंच की. प्रमोशनचं सोडता येत नाही.

रोखठोक७७
सोपा उपाय. म्हाळाला ती बोलली की तिथल्या तिथे तू पण एक ठेवून दे. तिच्या ड्रायव्हिंगबद्दल, स्वयंपाकाबद्दल काहीतरी. एकदा चारचौघांत टोला बसला की परत तोंड उघडणार नाही. मी करून बघितलंय.

मांडवीकाठी
रोखठोक, तुमची बायको गप्प बसली असेल, पण ती का गप्प बसली हे तुम्ही विचारलंत का? चारचौघांत उलट टोला दिला की ऐकणाऱ्यांना वाटतं की ह्या दोघांच्यात असंच चालतं, आणि मग पुढच्या वेळी मामाच विषय काढतो, मजा बघायला.

पर्वरीचा जावई, मी मडगावला बरीच वर्षं जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम केलंय, आता निवृत्त. काही विचारते, त्यावर उत्तर ठरेल. एक म्हणजे ती घरीही असंच बोलते का, की फक्त माहेरीच? दुसरं, तिच्या मैत्रिणींसमोर, तुमच्या आईवडिलांसमोर करते का? आणि तिसरं, ती बोलते तेव्हा नेमकं कोण समोर असतं, तुमच्या लक्षात आलंय का?

गोवाकायदा_वाचक
गोव्यात लग्न झालंय ना रजिस्टर? मग वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, निम्मी निम्मी. पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा अजून लागू आहे आपल्याकडे. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे त्याने फार फरक पडत नाही. काही निर्णय घ्यायच्या आधी वकिलाला भेट.

पर्वरीचा_जावई
अहो दादा, मी घटस्फोट विचारत नाहीये, म्हाळाला जेवायला जायचंय मला 😀

मांडवीकाठी ताई, घरी नाही बोलत असं. घरी प्रमोशनचा विषय निघाला तर उलट धीरच देते. माझ्या आईबाबांसमोर तर कधीच नाही, बेळगावला गेलो की माझं कौतुकच करते. तिसऱ्याचा विचार केला नव्हता, आता आठवतोय... सासरे बसलेले असतात तेव्हा जास्त. चवथीलाही ते माझ्या समोरच्या पाटावर होते.

मांडवीकाठी
हे महत्त्वाचं आहे हो. माणूस सगळीकडे टोचून बोलत असेल तर ती सवय, आणि तिचा इलाज वेगळा. एकाच माणसासमोर बोलत असेल तर बहुतेक त्या माणसाशी तिचं काहीतरी चाललेलं असतं, तुम्ही मध्ये सापडता. नक्की काय ते मी इथून सांगू शकत नाही, तीच सांगेल. म्हणून बोलणं असं करा की तिला सांगावंसं वाटेल.

आता तुम्ही काय बोलणार आहात ते इथे लिहा बघू, जसं मनात आहे तसंच. नटवू नका.

पर्वरीचा_जावई
असं काहीतरी: "तू नेहमी सगळ्यांसमोर माझा अपमान करतेस. तुला माझी काही किंमतच नाही. माझ्या आईबाबांसमोर मी तुला कधी असं बोललोय का? आता म्हाळाला असं केलंस तर मी येणारच नाही."

मांडवीकाठी
मनातलं आहे, खरं आहे, पण ह्यातलं एकेक वाक्य कुठे नेईल बघा. "नेहमी" म्हटलं की तिला एक प्रसंग आठवेल जेव्हा तिने माहेरी तुमची बाजू घेतली होती, आणि पुढचा अर्धा तास त्या प्रसंगावर जाईल. "किंमतच नाही" हे तिच्या मनातलं तुम्ही सांगताय, ती म्हणणार "आहे", झालं, आता ती खरी की तुम्ही खरे हा खटला सुरू. आईबाबांची तुलना आली की दोन घरांचा हिशोब निघतो. आणि शेवटची धमकी आहे, ती ऐकल्यावर आधीचं सगळं विसरलं जातं.

तुम्हाला खरं तर एकच गोष्ट हवी आहे. नोकरीचा विषय बाबा-मामांसमोर नको. तेवढंच मागा. चवथीचा तो एकच प्रसंग घ्या, बल्ब आणि गाठ त्यात आणू नका, आणली की तक्रारींची माळ होते आणि खरी गोष्ट माळेत हरवते. काय घडलं, तुम्हाला काय झालं, आणि पुढे काय हवंय, ह्या क्रमाने बोला.

आंबाडे_नी_सोलां
मी वाचलंय की कुठलीही तक्रार सांगायची तर आधी कौतुक करायचं, मग तक्रार, मग परत कौतुक. आणि प्रत्येक वाक्य "मला वाटतं" ने सुरू करायचं, म्हणजे समोरच्याला आरोप वाटत नाही. आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये पण हेच शिकवलं.

मांडवीकाठी
अर्धं बरोबर आहे. स्वतःबद्दल बोलावं हे खरं. पण "मला वाटतं तू मुद्दाम करतेस" हे "मला वाटतं" ने सुरू होऊनही आरोपच आहे. "मला वाटतं" च्या पुढे आपली अवस्था यायला हवी, लाज वाटली, एकटं पडल्यासारखं झालं, असं काही, समोरच्याचा हेतू नव्हे.

आणि कौतुकाचं सांगू का, घरात ते चालत नाही. ऑफिसात साहेब कौतुक करायला लागला की आपण "पण" ची वाट बघतो ना, तसंच. बायको तर दुसऱ्याच वाक्याला विचारेल, काय पायजे तुला. खरं असेल ते एखादं वाक्य म्हणा, जसं तुम्ही इथे लिहिलंत की घरी ती धीर देते. ते कौतुक म्हणून नाही, ते ह्या गोष्टीचा भागच आहे म्हणून.

रोखठोक७७
एवढं बसून पाठ करून बायकोशी बोलायचं म्हणजे इंटरव्ह्यूच झाला. मनात आलं ते बोलावं माणसाने.

मांडवीकाठी
पाठ करायचं नाही, पहिलं वाक्य तेवढं ठरवून ठेवायचं. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, सिएटलला जोडप्यांना बसवून त्यांची वादाची बोलणी चित्रित करून अभ्यास केला त्यांनी. 1999 साली त्यांचा आणि कॅरेर ह्यांचा नवविवाहितांवरचा अभ्यास आला, त्यात वादाच्या पहिल्या 3 मिनिटांत बोलणं कसं सुरू झालं ह्यावरून पुढे ते लग्न टिकणार की मोडणार ह्याचा बराच अंदाज येत होता. माझ्या कामातही तेच दिसायचं. सुरुवात आरोपाने झाली की शेवट क्वचितच गोड.

सुशेगाद_फोंडेकर
सिएटलला चवथीला 40 माणसं पंगतीला नसतात हो ताई. इथे बायकोला एकटीला गाठणं हाच मोठा प्रॉब्लेम, एकत्र कुटुंबात तर विचारूच नका.

मांडवीकाठी
हे मात्र मान्य, आणि ते अभ्यास तिकडच्या जोडप्यांचे आहेत, आपल्याकडचा मामा-आत्यांचा कारभार त्यात नाही. म्हणूनच वेळ आणि जागा जपून निवडायची. गाडीत नको, कारण ड्रायव्हिंग करणारा रस्त्याकडे बघतो आणि दुसऱ्याला उठून जाता येत नाही. रात्री झोपताना नको, दोघं दमलेली असतात. म्हाळाच्या सकाळी तर मुळीच नको. आणि व्हॉट्सॲपवर लिहून नको, त्यात आवाज नसतो, वाचणारा आपल्या मनाचा आवाज घालतो. मुलगी शाळेत किंवा क्लासला असेल, दोघं जेवलेली असाल, अशा वेळी आधी विचारा, "चवथीच्या एका गोष्टीबद्दल बोलायचंय, 15-20 मिनिटं लागतील, आत्ता चालेल का?" ती नको म्हणाली तर कधी ते तिलाच ठरवू दे.

तुमचा आवाज चढतो म्हणालात, त्याचं पण सांगते. छाती धडधडायला लागली, कान गरम झाले की त्या वेळी माणूस ऐकतच नाही, कितीही समजूतदार असो. तेव्हा "मला थोडं थांबू दे, अर्ध्या तासाने परत बसू" म्हणा आणि खरंच उठा. शरीर शांत व्हायला निदान 20 मिनिटं तरी लागतात. त्या वेळात मनात वाद चालू ठेवायचा नाही, झाडांना पाणी घाला, काहीही करा. आणि परत या हं. बरेच पुरुष उठतात आणि टीव्ही लावतात, मग बायकोला वाटतं हा टाळतोय, आणि तिचं बरोबरच असतं.

म्हापसा_शुक्रवार
ताई, मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा नवरा पण त्याच्या बहिणींसमोर असंच करतो. जेवण खारट झालं, ही बावळट आहे, हिला काही कळत नाही. मी हे सगळं करून बघितलं, शांतपणे सांगून बघितलं, तर त्या रात्री तो म्हणाला तू मला शिकवणार का, आणि मग माझा फोन घेऊन कोणाकोणाला काय लिहिलंय ते बघितलं. घरी पण तसंच बोलतो. खर्चाला पैसे मागावे लागतात. मी काय चुकीच्या पद्धतीने सांगतेय का?

मांडवीकाठी
नाही हो. तुमची गोष्ट पर्वरीच्या जावयापेक्षा पूर्ण वेगळी आहे आणि मी वर लिहिलेलं तुमच्यासाठी नाही. शांतपणे मागणं तिथे चालतं जिथे समोरच्याला तुम्हाला दुखावल्याचं वाईट वाटतं. सांगितल्यावर जो शिक्षा करतो, फोन तपासतो, पैसे अडकवून ठेवतो, त्याच्याशी एकटीने बसून नीट शब्द शोधण्यात तुमचीच शक्ती जाईल, कदाचित धोकाही वाढेल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात हात उचलणं एवढंच धरलेलं नाही, अपमान, टिंगल, नावं ठेवणं, पैशाची अडवणूक हेही आहे. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, त्या फोनवरून करू नका जो तो बघतो. आणि इथला इतिहास पण पुसा वाचून झाल्यावर. मला खाजगीत निरोप करा, बोलू.

म्हापसा_शुक्रवार
केलाय ताई.

आंबाडे_नी_सोलां
जावईबापू, तुमचं वाक्य काय ठरलं मग?

पर्वरीचा_जावई
हे लिहिलं काल: "चवथीला मामांनी ऑफिसचं विचारलं आणि तू प्रमोशनचं बोललीस तेव्हा मला खूप ओशाळल्यासारखं झालं, विशेषतः बाबा समोर होते म्हणून. घरी तू मला धीर देतेस, त्यामुळे तिथे ते ऐकून जास्त लागलं. माझ्या नोकरीबद्दल तुला काही वाटत असेल तर मला घरी सांग, मी ऐकेन. पण बाबा-मामांसमोर तो विषय नको. म्हाळाला एवढं पाळशील का?"

मांडवीकाठी
छान आहे. आता हे बोलून गप्प बसा. इथेच लोक चुकतात, ती लगेच काही बोलली नाही तर भीतीने दुसरा प्रसंग काढतात. ती म्हणेल "मी मस्करी केली", किंवा "तू फारच मनाला लावून घेतोस". त्यावर वाद घालू नका. "मस्करी असेल, मला ती लागली, म्हणून सांगतोय" एवढंच. ती मस्करी होती की नव्हती हे ठरवायची तुम्हाला गरजच नाही.

पर्वरीचा_जावई
अपडेट. बोललो. मुलगी ट्यूशनला होती, बाल्कनीत बसलो. पहिलं वाक्य ठरल्याप्रमाणे आलं, मधलं थोडं विसरलो. ती आधी म्हणालीच, "ए मस्करी होती ती." मी तेच म्हटलं जे ताईंनी सांगितलेलं आणि गप्प बसलो, अवघड गेलं खरं. बराच वेळ ती काही बोलली नाही, वाळत घातलेले कपडे काढत बसली, मग एकदम म्हणाली की बाबा तिला दर फोनला विचारतात, हप्ते झेपतायत का, त्याचं प्रमोशन का होत नाही, भाऊ बघ दुबईत कुठे पोचला. मला हे माहीतच नव्हतं. म्हणाली, "त्यांनी सगळ्यांसमोर तुला विचारण्याआधी मीच बोलून टाकते, म्हणजे ते गप्प बसतात." म्हणजे तिच्या डोक्यात ती मला वाचवत होती!

मला जरा राग आला, म्हटलं हे कसलं वाचवणं, पण बोललो नाही, पाणी प्यायला आत गेलो. परत आलो. मग ठरलं की नोकरी, पगार, हप्ते हे तीन विषय माहेरी आम्ही दोघंही काढणार नाही. बाबांनी काढलेच तर ती म्हणेल "ते आमचं आम्ही बघतो" आणि दुसरं काहीतरी विचारेल. माटोळी, बल्ब, माझी कोकणी, ह्यावर हसायला मोकळीक. ही अट तिचीच, म्हणाली नाहीतर मी तिथे बोलूच काय 😀

सुशेगाद_फोंडेकर
तुझ्या बेळगावी कोकणीवर हसायला आम्हाला पण मोकळीक दे मग.

रोखठोक७७
बरं झालं. पण मला अजून वाटतं सासऱ्यांशी सरळ बोलायला हवं, मूळ तिथे आहे. बायकोला कशाला मध्ये घालताय.

मांडवीकाठी
रोखठोक, ह्यावेळी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते बोलायचं कोणी? जावयाने सासऱ्यांना सांगितलं तर तो उद्धटपणा ठरतो आणि मुलीने तक्रार केली असंही दिसतं. तिच्या वडिलांशी तिनेच बोलावं, तेही तिला झेपेल तेव्हा. जावईबापू, तिच्यामागे लागू नका त्यासाठी.

आणि म्हाळाला तिची जीभ घसरली तर तिथे सुधारू नका. सवय आहे, एका बोलण्यात सुटत नाही. आधीच काहीतरी खूण ठरवा.

पर्वरीचा_जावई
म्हाळ झाला. खूण ठरली होती, मी तिच्याकडे पाणी मागायचं. सासऱ्यांनी खरंच विचारलं, अगदी वडे वाढत असतानाच, हप्त्यांचं. ती सुरू झाली, "अहो बाबा, ह्याचं तर..." मी म्हटलं, "जरा पाणी दे गं." थांबली. मग म्हणाली, "ते आमचं आम्ही बघतो बाबा, तुम्ही पोफळीचं काय केलंत ते सांगा." सासरे जरा बघतच राहिले. आत्या मात्र नंतर स्वयंपाकघरात तिला म्हणाली म्हणे, नवऱ्याची फार बाजू घ्यायला लागलीस. ते तिला लागलंय, दोन दिवस गप्प आहे.

आणि आता दुसरंच. ती धाकट्या बहिणीशी फोनवर माझ्याबद्दल सगळं बोलते, प्रमोशनसकट. काल कानावर आलं. हे आमच्या ठरवण्यात येतं का?

आंबाडे_नी_सोलां
येतंच की, नातेवाईकच आहे बहीण.

म्हापसा_शुक्रवार
नाही येत. बहिणीशी पण नाही बोलायचं तर बाईने बोलायचं कोणाशी? माझी बहीण नसती तर मी आज इथे लिहिलं नसतं.

सुशेगाद_फोंडेकर
आणि दारामागून फोन ऐकू नये हो, ते काय कान द्यायचं काम आहे.

पर्वरीचा_जावई
ऐकलं नाही, स्पीकरवर होता फोन! पण म्हापसा ताई, तुमचं पटतं आणि पटत नाही. बहीण उद्या बाबांना सांगणारच ना.

मांडवीकाठी
पंगतीत समोरासमोर बोलणं आणि बहिणीपाशी मन मोकळं करणं ह्याला मी एकाच मापाने मोजणार नाही. तुमच्यात जे ठरलं ते चारचौघांतलं होतं. बाबांपर्यंत पोचण्याची भीती असेल तर तेवढंच विचारा तिला, "बहीण बाबांना सांगते का?" बहिणीशी बोलू नकोस असं नका म्हणू. पण आत्ता नाही, आत्ता ती आत्याच्या बोलण्याने दुखावलेली आहे, आधी त्याची विचारपूस करा.

रोखठोक७७
मला पटत नाही. घरातली गोष्ट घरात.